मदत हवी आहे: लांबट चेहरा, माथ्यावर विरळ केस, टोपी कोणती घेऊ?

धरमपेठकर
वय ३८, चेहरा लांबट. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेलेत आणि माथ्यावर विरळ झालेत. काम फिरतीचं, म्हणजे एप्रिल-मेचं नागपुरी ऊन डोक्यावरच. सीताबर्डीवरून समोर ताठ आणि उंच असलेली क्रिकेट कॅप आणली. ती घातली की चेहरा आणखी लांब दिसतो, शिवाय मागच्या पट्ट्यावरच्या फटीतून नेमकी विरळ जागा दिसते. काय घेऊ?

भाऊसाहेब_इतवारी
टोपी घालूच नका भाऊ. केसांना हवा लागत नाही, म्हणून ते गळतात.

शिवणघर
मुळांना पोषण रक्तातून मिळतं, बाहेरच्या हवेतून नाही. टोपीने टक्कल पडत नाही. मात्र रोज घट्ट टोपीखाली केस ओढले जात असतील तर त्या जागचे तुटतात, गळतातही. कपाळावर लाल वळ उठत असेल तर टोपी लहान आहे असं समजा.

आता मूळ प्रश्न. लांबट चेहऱ्यावर उंची वाढवायची नसते, रुंदी द्यायची असते. तुमच्या कॅपचा ताठ पुढा वरून उंची वाढवतो, आणि कड फक्त पुढेच असल्याने बाजूला काहीच मिळत नाही. बसकी, चारही बाजूंनी कड असलेली सुती टोपी घ्या, कड ६-७ सेंमी. ती भुवयांच्या बोटभर वर बसली की कपाळाच्या बाजू झाकतात आणि चेहऱ्याची लांबीही तुटते. मागे फट नसते, म्हणून माथाही झाकलेला राहतो. जाळीची घेऊ नका, उन्हात जाळीतून टाळू दिसते आणि भाजतेही.

टेप कानांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. माप ५८ आलं तर ५८च घ्या, आत एक बोट सहज सरकलं पाहिजे.

मीनल_त्रिमूर्तीनगर
माझा चेहरा गोल आहे हो, आणि बाळंतपणानंतर भांग रुंद झालाय. मीही बसकीच घेऊ का?

शिवणघर
नाही ताई, तुमचं उलट. डोक्याला चिकटणारी गोल टोपी गाल आणखी भरलेले दाखवते. माथ्याला थोडी उंची आणि वर खाच असलेली घ्या, किंचित तिरकी घाला. बाळंतपणानंतरची गळती बहुतेकींची काही महिन्यांत थांबते. वर्षभरानंतरही चालू असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

धरमपेठकर
आरशासमोर वही आडवी धरून पाहिलं, भुवयांच्या वर धरली की चेहरा खरंच आखूड वाटतो. बसकी सुती टोपी बघतो. पण दुपारी वाऱ्याच्या झोताने ती उडेल ना? आणि ग्राहकाच्या घरात शिरलो की काढावीच लागते. तेव्हा घामाने चपटे झालेले केस आणखी विरळ दिसतात.

शिवणघर
वाऱ्यासाठी आत दोरी असलेली मिळते. घामासाठी आतली पट्टी सुती असू द्या आणि केस आखूड ठेवा, लांब केस चपटे झाले की टाळू जास्त दिसते. घरात शिरताना काय करावं, ते मलाही नीट सुचत नाही. फिरतीवाल्यांनी सांगावं.