मदत हवी आहे : पुस्तक परीक्षण दोनदा परत आलं, नेमकं काय चुकतंय?

शेळगीकर (शुक्रवार, रात्री १०:४०)
समाजकार्याच्या एका नियतकालिकासाठी पुस्तक परीक्षण लिहितोय. पहिल्यांदा पाठवलं तर संपादकांचा शेरा आला, "सारांशच आहे, मूल्यमापन नाही." मग मी मूल्यमापन घातलं, तर आता शेरा आलाय, "एकांगी वाटतं, मतांना आधार द्या." म्हणजे मत द्यायचं की नाही? सोमवारपर्यंत द्यायचं आहे. ज्यांनी अशी परीक्षणं लिहिली आहेत त्यांनी कृपया लवकर सांगा.

विजापूररोड (१०:५२)
सर, नियतकालिक मान्यताप्राप्त यादीत आहे का ते आधी बघा. मी दोन परीक्षणं लिहिली होती, पदोन्नतीच्या वेळी समितीने ती बाजूला ठेवली. त्यापेक्षा शोधनिबंध लिहा. तेवढ्याच कष्टात होतो.

शेळगीकर (१०:५८)
पदोन्नतीसाठी नाही लिहीत. हे पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचावं म्हणून लिहितोय.

पानापानातून (११:१५)
पुस्तक कशावर आहे? शब्दमर्यादा किती? वाचक कोण, प्राध्यापक की प्रत्यक्ष काम करणारे कार्यकर्ते? आणि परत आलेल्या मजकुरातला एक परिच्छेद इथे टाका. त्याशिवाय सगळं अंदाजाने होईल. मी एका व्यावसायिक नियतकालिकाची परीक्षणं अकरा वर्षं पाहिली आहेत.

तर्कदीप (११:२०)
उत्तर सोपं आहे. आपल्याकडची पूर्वपक्ष-उत्तरपक्ष पद्धत वापरा. आधी लेखकाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडा, मग खोडून काढा.

शेळगीकर (११:४१)
पुस्तक सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बायकांवर आहे, २०२१ चं. सात प्रकरणं, ४२ मुलाखती. मर्यादा १२०० शब्द. वाचक दोन्ही प्रकारचे. माझ्या परीक्षणात आधी सात परिच्छेद आहेत, प्रत्येक प्रकरणाचा एक. मग हे :

"लेखकाने कष्ट घेतले आहेत यात शंका नाही. मात्र घरून काम केल्याने बायका स्वतंत्र होतात हा लेखकाचा निष्कर्ष पटण्यासारखा नाही. नमुना अपुरा आहे. पुरुष कामगारांचा विचार न होणे ही मोठी उणीव आहे."

कन्नाचौक (११:५५)
ओ सर, माझी आई तीस वर्षं विड्या वळायची. ब्रँचमधून पान, तंबाखू, दोरा आणायचा, घरी पान भिजवून कापायचं, वळायचं आणि दुसऱ्या दिवशी माल घेऊन रांगेत उभं राहायचं. मजुरी हजाराच्या हिशोबाने. आता आम्ही कुंभारीला, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर घरकुलात राहतो. दहा हजार घरं झाली तिथं. पुस्तकात कामगारांसाठीच्या नव्या रे नगर वसाहतीतल्या घरांबद्दल आहे का? नसेल तर ती उणीव नक्की लिहा.

पानापानातून (शनिवार, सकाळी ७:३०)
कन्नाचौक, रे नगरच्या पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. २०२१ च्या पुस्तकात ते नसल्याचा दोष लेखकाला कसा द्यायचा?

शेळगीकर, पुरुष कामगारांचं वाक्यही त्याच जातीचं आहे. लेखकाने बायकांवर पुस्तक लिहायचं ठरवलं होतं. न लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकावरून या पुस्तकाला नापास करता येत नाही. हं, पुरुषांना वगळल्यामुळे लेखकाचा एखादा दावाच लंगडा पडत असेल, तर तो कोणता आणि कसा, ते दाखवा. तसं दाखवता येत नसेल तर ते वाक्य काढा.

आता सारांश. प्रकरणांची यादी म्हणजे सारांश नव्हे. ती अनुक्रमणिकेत असते. लेखकाने कोणता प्रश्न घेतला, त्याचं काय उत्तर दिलं आणि ते कशाच्या जोरावर दिलं, एवढं चार-पाच वाक्यांत सांगा. १२०० मधले सुमारे ४०० शब्द त्याला द्या.

आणि एक काम आत्ताच करा. "घरून काम केल्याने बायका स्वतंत्र होतात" हे लेखक नेमकं कोणत्या पानावर म्हणतो ते शोधा.

तर्कदीप (८:०५)
मी तेच म्हटलं होतं ना? पूर्वपक्ष भक्कम करा.

पानापानातून (८:२०)
निम्मं बरोबर आहे तुमचं. पूर्वपक्ष मांडणारा तो खोडायचाच म्हणून मांडतो, शेवट आधी ठरलेला असतो. परीक्षणात लेखक प्रतिपक्ष नसतो. त्याचं काही पटेल, काही पटणार नाही, आणि हे वाचून झाल्यावर ठरतं. खोडायच्या तयारीने सारांश लिहिला की तो नकळत खोडायला सोपा होतो. मला वाटतं इथे तेच झालंय.

तर्कदीप (८:३१)
हे मान्य नाही. शास्त्रकारांनी पूर्वपक्षावर जेवढे कष्ट घेतले तेवढे आजचा कुठला परीक्षक घेत नाही.

शेळगीकर (११:१०)
पुस्तक घेऊन बसलो होतो. ते वाक्य कुठेच नाही. सर्वांत जवळचं सापडलं ते पान ८७ वर. तिथे लेखक म्हणतो की, दिवसाची आखणी करताना बायकांना थोडी मोकळीक मिळते, पण मजुरी आणि माल नाकारण्याच्या बाबतीत त्यांच्या हातात काहीच नसतं. मी उत्तरार्ध सोडून दिला होता. वाईट वाटलं. हे मुद्दाम केलं नव्हतं.

पानापानातून (११:३५)
बहुतेकांचं असंच होतं. आठवणीतून लिहिलं की दाव्याला लागलेल्या अटी गळतात, "थोडी", "काही बाबतीत" वगैरे. म्हणून सारांशातलं प्रत्येक वाक्य पानाशी ताडायचं. लेखकाने वाचलं तर "हो, मी हेच म्हटलंय" असं तो म्हणेल का, एवढंच बघायचं. तो निकालावर रागावला तरी चालेल, सारांशावर हरकत घेता कामा नये.

आता नमुना. ४२ अपुरे कशासाठी? बायकांचा दिवस कसा जातो, पान खराब निघालं की घरात काय होतं, हे समजायला ४२ सविस्तर मुलाखती भरपूर आहेत. "सोलापुरातल्या बहुतेक विडी कामगार बायका" असं विधान करायचं असेल तर मात्र अडचण येते. लेखक तसं विधान करतो का? करत असेल तर कुठे?

शेळगीकर (दुपारी १:२०)
सहा प्रकरणांत नाही, तिथे तो "मी भेटलो त्या बायका" असंच लिहितो. सातव्यात, पान १९२ ते २०१ मध्ये, पाच ठिकाणी "बहुतेक" आलंय आणि त्यावरून सरकारने काय करावं हे सांगितलंय.

पानापानातून (१:३२)
हा झाला तुमचा मुद्दा. पुरावा सहाव्या प्रकरणापर्यंत पुरतो, सातव्यात दावा पुराव्याच्या पुढे जातो. आता "नमुना अपुरा आहे" असं म्हणायची गरज उरली नाही. वाचक पान उघडून स्वतः तपासू शकतो, आणि तुमचं मत पटलं नाही तरी ते कुठून आलं हे त्याला कळतं.

शेळगीकर (१:५०)
त्यात आणखी एक आहे. त्या ४२ पैकी जवळजवळ सगळ्या एकाच संघटनेच्या सभासद आहेत. संघटनेत नसलेल्या बायका आल्याच नाहीत. हे लिहिलं तर मुद्दा आणखी पक्का होईल.

पानापानातून (१:५४)
पुस्तकात कोणत्या पानावर आहे हे?

शेळगीकर (२:१५)
पुस्तकात नाही. मला माहीत आहे, कारण पहिली वीस-पंचवीस नावं मीच दिली होती. ऋणनिर्देशात माझं नाव आहे.

पानापानातून (२:१९)
हे संपादकांना सांगितलंय?

शेळगीकर (२:२२)
नाही. आभारांच्या यादीत पन्नास नावं आहेत. लेखकाशी त्यानंतर संपर्कही नाही. हे एवढं महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही.

तर्कदीप (२:४०)
कशाला सांगता? सोलापूर एवढंसं. इथे या विषयावर लिहिणारा प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. परीक्षण निःपक्ष असलं की झालं.

पानापानातून (३:०५)
तर्कदीप, ते निःपक्ष आहे की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं. उद्या कुणी ऋणनिर्देशाचं पान उघडलं तर कौतुक असो वा टीका, सगळंच संशयात जाईल. शेळगीकर, सोमवारची वाट न पाहता आजच संपादकांना फोन करा. ते परीक्षण दुसऱ्याला देतील, किंवा शेवटी एका ओळीत तसं जाहीर करून तुमचंच छापतील. निर्णय त्यांचा.

विजापूररोड (३:३०)
आणि संघटनेचा मुद्दा? तो खरा असेल तर दडवायचा का?

पानापानातून (३:४४)
यावर माझंही मत पूर्ण ठरलेलं नाही. "मुलाखतींसाठी बायका कशा निवडल्या हे पुस्तक सांगत नाही" एवढं नक्की लिहिता येतं. ते पुस्तकावरून तपासता येतं आणि दोष म्हणून पुरेसं आहे. मी असते तर तिथेच थांबले असते.

विजापूररोड (३:५८)
पण सरांना निवड कशी झाली ते माहीत आहे. माहीत असताना "पुस्तक सांगत नाही" असं लिहिणं मला अर्धसत्य वाटतं. ओळख जाहीरच करणार असतील तर "काही नावे मी दिली होती, त्या संघटनेच्या सभासद होत्या" असं सरळ लिहावं.

पानापानातून (४:१०)
मग ते परीक्षक म्हणून बोलत नाहीत, साक्षीदार म्हणून बोलतात. बाकीच्या बायका लेखकाने कुठून मिळवल्या हे त्यांना खात्रीने माहीत आहे का?

शेळगीकर (संध्याकाळी ६:३०)
नाही, उरलेल्यांचं मी गृहीत धरलं होतं.

संपादकांशी बोललो. आधीच सांगायला हवं होतं म्हणाल्या, रागावल्या नाहीत. सहकाऱ्यांना विचारून मंगळवारी कळवतील, तोवर मसुदा तयार ठेवा म्हणाल्या. नवा परिच्छेद असा :

"घरी विडी वळणाऱ्या स्त्रीला वेळेची थोडी मोकळीक मिळते, पण मजुरी आणि नाकारलेला माल यांवर तिचा ताबा नसतो, असे लेखक दाखवतो (पृ. ८७). ४२ मुलाखतींतून हे चित्र तपशिलाने उभे राहते. सातव्या प्रकरणात मात्र हेच अनुभव 'बहुतेक' स्त्रियांचे म्हणून मांडले आहेत (पृ. १९२-२०१). मुलाखतींसाठी स्त्रियांची निवड कशी झाली हे पुस्तकात नाही, त्यामुळे एवढा व्यापक निष्कर्ष वाचकाला तपासता येत नाही. म्हणून धोरणविषयक शिफारशी जपून वाचाव्यात."

संघटनेचं वाक्य सध्या बाहेर ठेवलंय. ते संपादकांवर सोडतो.

पानापानातून (६:५२)
आता हे परत येऊ नये. "तपशिलाने उभे राहते" याला मात्र एक उदाहरण द्या. दोषाला पान क्रमांक आणि गुणाला नुसतं विशेषण, असं नको.

कन्नाचौक (रात्री ९:१५)
सर, एक विचारू? त्या पुस्तकात छाटीबद्दल काही आहे का? ब्रँचमध्ये माल तपासताना विड्या बाजूला काढायचे, त्याची मजुरी नाही मिळायची. पान त्यांनीच खराब दिलेलं असायचं. आई आजही तेवढं एकच सारखं सांगते. असेल तर तिला वाचून दाखवतो.

शेळगीकर (९:४०)
आहे. पाचवं प्रकरण सगळं छाटीवरच आहे. एका बाईने एका आठवड्याचा हिशोब सांगितलाय : रोज किती वळल्या, किती छाटल्या, हातात काय आलं. पुस्तकातली सर्वांत चांगली पंधरा पानं तीच. आणि माझ्या दोन्ही मसुद्यांत त्यांच्यावर एकच वाक्य होतं, "पाचव्या प्रकरणात मालाच्या तपासणीची चर्चा आहे."

पुस्तक सोमवारी घेऊन येतो. आईंना कोणत्या वेळी भेटता येईल?