“सह्या घेऊन ठेवा, सिस्टर”: औषधांच्या राउंडमध्ये आलेलं दुसऱ्याचं काम नाकारावं का?

इव्हिनिंगची सिस्टर
सर्जरी वॉर्डात स्टाफ नर्स आहे. संध्याकाळी आम्ही दोघी आणि पेशंट तीसेक. आठच्या औषधांची ट्रॉली काढली की हाऊसमन, म्हणजे ज्युनियर डॉक्टर, कोरे कन्सेंट फॉर्म ठेवून जातात. “उद्याच्या केसेसच्या सह्या घेऊन ठेवा, मी ओटीत आहे.” नाही म्हटलं की “एवढंसं तर काम आहे”, आणि सकाळी सही नसली की बोलणी मलाच. हे काम माझं आहे का? नाकारायचं तर कसं?

माजी इन्चार्ज
तुझं नाही. सही सर्वात शेवटी येते. त्याआधी काय करणार, का करणार, धोका काय आणि दुसरा मार्ग कोणता, हे पेशंटला कोणीतरी सांगायचं असतं, आणि ते सांगायचं ऑपरेशन करणाऱ्या टीममधल्या डॉक्टरने.

समज, बेड 12 च्या बाईंचं उद्या पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. तू फॉर्म पुढे केलास आणि त्यांनी विचारलं, “दुर्बिणीने नाही जमलं तर पोट फाडणार का?” तसं करावं लागू शकतं, हे तुलाही माहीत आहे. पण त्यांच्या बाबतीत ती शक्यता किती, सोनोग्राफीत काय दिसलं, हे तू कशाच्या आधारावर सांगणार? तू गप्प राहिलीस तर त्या न समजता सही करतील. काहीतरी सांगितलंस तर ते शब्द तुझ्या गळ्यात पडतील.

मी पेशंटला एकच विचारायचे, “उद्या तुमचं काय करणार आहेत?” उत्तर “पोटाची तपासणी” असं आलं, तर त्या फॉर्मवर सही असून नसून सारखीच.

नुसतं “माझं काम नाही” म्हणून ट्रॉली पुढे ढकलू नकोस. त्याने पेशंट मध्येच लटकतो. हाऊसमनला सरळ सांग, “डॉक्टर, मी औषधांवर आहे. बेड 12 ला समजावून सही तुम्हालाच घ्यावी लागेल. ओटीतून कधी सुटताय? जमणार नसेल तर रजिस्ट्रारना कॉल पाठवते.” मग कॉल बुकात बेड नंबर, उद्याचं ऑपरेशन, “कन्सेंट बाकी” आणि वेळ लिहून वॉर्डबॉय मामांच्या हाती पाठव. ज्याला कॉल गेला त्याची सही वेळेसकट घ्यायची. तेच दोन ओळींत नर्सेस नोट्समध्ये लिही. दहापर्यंत कोणी आलं नाही तर नाईट सुपरवायझरना फोन कर, आणि नाईटच्या सिस्टरला ड्युटी सोपवताना ओव्हरमध्ये तोंडी सांग. मग सकाळी विचारणा झाली, तर कोणाला कधी कळवलं होतं ते तारखेवेळेसह समोर असतं.

रेसिडेंट, सर्जरी
मॅडम, आमचीही बाजू ऐका. मी आळसाने फॉर्म ठेवत नाही. आतडं फुटलेला पेशंट टेबलवर असतो, हातात ग्लोव्ह्ज असतात आणि उद्याच्या लिस्टवर पाच केसेस असतात. बऱ्याचदा दुपारी मीच पेशंटला समजावलेलं असतं. मुलगा कामावरून यायचा असतो, म्हणून फक्त सही राहिलेली असते. तीही सिस्टर घेणार नसतील तर सकाळी ओटीत भूल देण्याआधीच्या साइन-इन तपासणीला कन्सेंट नाही म्हणून केस अडते. रात्री बारापासून उपाशी ठेवलेली बाई दुपारी दोनपर्यंत तशीच पडून राहते. कॉल बुकातल्या नोंदीने तिची भूक भागत नाही. टीम म्हणून काम करायचं की प्रत्येकाने आपापली चौकट आखून घ्यायची?

हक्काचं बोला
टीमच्या नावाखाली नेहमी सिस्टरच भरडल्या जातात. कायदा स्पष्ट आहे. 2008 च्या समीरा कोहली निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कन्सेंट ही डॉक्टरची जबाबदारी. नर्सने त्या फॉर्मला हातही लावू नये. साक्षीदाराची सहीसुद्धा करू नये.

माजी इन्चार्ज
निकाल खरा, पण त्यात नर्सचा प्रश्न नव्हता. तपासणीसाठी दुर्बीण घालायला संमती दिलेल्या बाईंचं गर्भाशय काढलं होतं, आणि त्यासाठी त्या भुलीखाली असताना त्यांच्या आईची संमती घेतली होती. पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, त्यामुळे ती संमती चालणार नाही, असं कोर्ट म्हणालं. साक्षीदाराची सही नर्सने करू नये, असं त्यात कुठेही नाही. मी ती कितीदा केली आहे, पण पेशंटने माझ्यासमोर सही केली असेल तेव्हाच.

डॉक्टर, तुम्ही दुपारी समजावलं असेल तर केसपेपरवर तसं लिहा, खाली नाव आणि वेळ टाका, फॉर्म भरून तुमची सही करून ठेवा. मग ट्रॉली संपल्यावर मुलासमोर पेशंटची सही घ्यायला मी स्वतः उभी राहीन. माझा विरोध कोऱ्या फॉर्मला आहे. आणि एक, पेशंट शुद्धीत आणि सज्ञान असेल तर सही तिचीच हवी. मुलासाठी थांबायची गरज नाही.

चाकणची शिफ्ट
आमच्याकडेही हेच. मी सीएनसीवर ऑपरेटर. फोर्कलिफ्टवाला जेवायला गेला की सुपरवायझर म्हणतो, “तू घे जरा.” मला ना ट्रेनिंग ना लायसन्स. पॅलेट कोणाच्या पायावर पडलं तर मीच अडकणार. मी म्हणतो, जास्तीचं काम दिलं तर ओव्हरटाइम मागा, आपोआप बंद होईल.

इव्हिनिंगची सिस्टर
दादा, मला पैसे नकोत. पैसे घेऊनही मला ते ऑपरेशन समजावता येणार नाही.

ट्यूटर
ट्रॉलीचा मुद्दा वेगळा धरायला हवा. सिडनीच्या दोन रुग्णालयांत 98 नर्सेसवर झालेला अभ्यास 2010 मध्ये छापून आला. औषध देताना मध्ये कोणी थांबवलं की त्या औषधात चूक होण्याचं प्रमाण दर व्यत्ययामागे साधारण 12 टक्क्यांनी वाढत होतं. इंजेक्शन भरून झालंय, लेबल राहिलंय आणि तेवढ्यात कोणी हाक मारली, तर परत आल्यावर दोन सारख्या सिरिंज समोर असतात. त्यामुळे स्वतःच्या हक्काचं काम असलं तरी त्या मिनिटाला नाही म्हणावं. अपवाद फक्त जिवावर बेतलेल्या पेशंटचा. तिथे ट्रॉलीला कुलूप लावून धावायचं, काम कोणाचं ते नंतर बघू.

खासगीत सहा ते सहा
हे सगळं सरकारी रुग्णालयात ठीक आहे. आमच्याकडे कॉल बुक नाही, डॉक्टर मालकाचे भागीदार. एका मैत्रिणीने नाकारलं तर दुसऱ्या दिवशी मेमो, पुढच्या महिन्यात “गरज नाही”. तिने कुठे दाद मागायची?

माजी इन्चार्ज
तुमच्यावर मी नाकारायची सक्ती करणार नाही. निदान नर्सेस नोट्समध्ये खरं तेच लिहा. “डॉक्टरांनी समजावले” हे स्वतः ऐकलं नसेल तर लिहू नका. याने नोकरी वाचेलच, असं मी म्हणू शकत नाही.

रेसिडेंट, सर्जरी
कोरा फॉर्म ठेवणं चूक, हे मान्य. आमच्या युनिटला सुचवतो की लिस्ट लागली की चार वाजता कन्सेंट उरकायचे, ट्रॉली निघायच्या आत. पण रजिस्ट्रारना आठला कॉल पाठवाल तर तेही माझ्याच टेबलवर समोर उभे असतात, एवढं लक्षात घ्या.

इव्हिनिंगची सिस्टर
चार वाजता मीच लिस्ट घेऊन विचारायला येईन, डॉक्टर. पण रात्री नऊला अॅडमिट होऊन सकाळी पहिल्या नंबरला लागणाऱ्या पेशंटचं काय? तेव्हा तुम्ही दोघंही आत असता.

रेसिडेंट, सर्जरी
तिथे माझ्याकडेही उत्तर नाही. अशी केस पहिल्या नंबरला लावू नये, एवढंच सरांना सांगू शकतो. ते ऐकतील का, माहीत नाही.