अनुभव धागा: बागेत फिरणाऱ्यांसाठी स्वस्त बुटांची जाहिरात

शाईचा_डाग

काल सकाळी सारसबागेच्या फाटकात एका पोराने हातात पत्रक कोंबलं. पिवळ्या कागदावर पांढरी अक्षरं, 'मर्यादा मोडा, वाऱ्याला हरवा!' खाली हवेत तरंगणारा विशीतला मुलगा आणि कोपऱ्यात कुठेतरी किंमत. माझ्या पुढच्या गृहस्थांनी ते हात लांब करून धरलं, मग नाकाशी नेलं, मग त्याची घडी करून बाकावरचं दव पुसलं. पुण्यात जाहिरातीचा याहून स्पष्ट निकाल लागत नाही.

मला माझं एजन्सीतलं एक काम आठवलं. इथलाच एक छोटा कारखानदार, हजाराच्या आतला रनिंग शूज, गिऱ्हाईक पंचेचाळीस ते साठ वयाचं, बागेत चालणारं. टॅगलाइन हिंदीतून आलेली, मला फक्त 'मराठी करून द्या' म्हणाले. मी नमुन्याचा जोड पायात घातला आणि बागेत जाऊन बसलो. पहिली गोष्ट लक्षात आली की पळत कुणीच नाही. दुसरी, चाळिशीचा चष्मा सगळ्यांचा घरी. तिसरी, खिशात किल्ली आणि रुमाल, पैसे नाहीत. म्हणजे फाटकाशी स्टॉल लावून जोड विकला जाणार नाही. तिथे फक्त नाव आणि किंमत डोक्यात बसवायची, गिऱ्हाईक दुकानात नंतर येणार.

बाकांवर बुटांबद्दल जे बोलणं चालायचं त्यात वारा, मर्यादा वगैरे नव्हतं. ओल्या फरशीवर पाय सरकतो, बोटं चेपतात, लेस बांधायला वाकलं की कंबर धरते, एवढंच. मी लगेच लिहिलं, 'ओल्या फरशीवरही पाय तुमच्या ताब्यात.' क्लायंट खूश. मग बूट उलटा करून पाहिला. तळ सगळा फोमचा, रबर फक्त टाचेला आणि चवड्याखाली पट्टीपुरतं. मोरीतल्या फरशीवर पाणी टाकून उभा राहिलो तर सर्रकन पुढे गेला. ओळ तिथेच कापली. क्लायंटला त्याऐवजी 'गुडघेदुखीला रामराम' हवं होतं, ते मी लिहिलं नाही.

शेवटी छापलं ते असं:

*पळायचं नाही? हरकत नाही. बूट मात्र पळायचे घ्या.*
*टाचेखाली जाड मऊ थर. बोटांना मोकळी जागा. हाताला हलका लागतो, पायालाही लागेल. संध्याकाळी दुकानात या, मोजे घालून दोन्ही पायांत चढवा, चार फेऱ्या मारा, मग ठरवा. ९९९ रुपये.*

'संध्याकाळी' वरून क्लायंटशी जुंपली. "सकाळी आला तर काय परत पाठवू?" दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो, हे पटवायला दोन चहा गेले. पण 'संध्याकाळी या' वाचूनच लोक आले. हा विकायला बसलाय असं न वाटता कुणीतरी जाणत्याने सांगितल्यासारखं वाटलं असावं.

तुम्ही असं काही लिहिलं असेल, विकलं असेल, वाचून फसला असाल, तर येऊ द्या.

रंकाळ्याची_हवा

आमचं बुटांचं दुकान आहे, वडिलांपासून. दादा, ते सगळं ठीक, पण बायका कुठायत तुमच्या जाहिरातीत? रंकाळ्यावर सकाळी बघा, निम्म्याहून जास्त बायकाच. पत्रकावर कायम पुरुष. आणि लेडीज म्हणून येतो तो माल बऱ्याचदा जेंट्सचाच साचा लहान केलेला आणि गुलाबी रंगवलेला. चवडा रुंद, टाच अरुंद असेल तर पुढे चेपतो आणि मागे फटक फटक वाजतो. अंगठ्याशी हाड वाढलेल्या वहिनी येतात, त्यांना मी सरळ जेंट्सचा जोड दाखवतो. मग म्हणतात, "काळाच आहे हो." पण घेतात.

९९९ बद्दल पण सांगतो. 'एवढा स्वस्त म्हणजे टिकणार नाही' हे गिऱ्हाईक दारातच बोलतं. स्वस्त का आहे ते सांगितलं नाही तर लोक स्वतःच कारण शोधतात, आणि ते कारण वाईटच असतं. आमच्याकडे एका सेल्समनने पाटीवर खडूने लिहिलेलं, 'जाहिरातीत हिरो नाही, म्हणून ९९९.' कंपनीच्या पोस्टरपेक्षा तीच पाटी लोक थांबून वाचायचे. कुकर लागलाय, बाकीचं नंतर.

फेरी_नंबर_चार

मस्त धागा. माझ्या मते कॉपीत आरोग्याची गोष्ट हवीच. जागतिक आरोग्य संघटनेने रोज दहा हजार पावलं सांगितलीत, तर 'दहा हजार पावलं, एकच बूट' असं काहीतरी. लोक पावलं मोजतातच हल्ली, आमच्या ग्रुपवर रोज स्क्रीनशॉट.

बोरूबहाद्दर

@फेरी_नंबर_चार ओळ चांगली आहे, पण दहा हजारांचा आकडा संघटनेचा नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तिथून तो आकडा जगभर गेला. म्हणजे तुम्ही जाहिरातीतला मजकूर जाहिरातीत वापरताय :) संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम म्हणते, भरभर चालणं त्यात येतं. त्यावर ओळ करायची तर 'रोज अर्धा तास, रविवार-सोमवार माफ' अशी काहीतरी होईल.

फेरी_नंबर_चार

अरे! मग माझ्या बायकोला मी उगाच ऐकवतो रोज.

नेने_घाट

मला सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ जाते, मग जरा चाललं की कमी होते. वय ५२. धाग्यातला ९९९ वाला बूट कुठे मिळेल? आणि त्याने जाईल का? कृपया लिंक द्या.

शाईचा_डाग

@नेने_घाट अहो तो जोड केव्हाच बंद झाला, कारखानासुद्धा.

मलमपट्टी

@नेने_घाट मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही लिहिलंत ते तळव्याच्या पट्ट्याच्या दुखण्यासारखं वाटतंय, पण न बघता सांगणार नाही, एकदा दाखवून घ्या. मऊ टाचेच्या बुटाने बऱ्याच जणांना चालताना आराम वाटतो. दुखणं 'जाईल' असं मात्र कुठला बूट छापत असेल तर तो जोड ठेवा बाजूला. आणि घरात फरशीवर अनवाणी फिरणं थांबवा, ते लोक विसरतात. बूट बागेत अर्धा तास, बाकी दिवसभर टाच फरशीवर.

दुकानात बघायचंच तर बूट दोन्ही टोकांना धरून वाकवा. चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडली तर तो नको. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. या दोन गोष्टी पत्रकावर चित्र काढून दाखवल्या तर मी स्वतः ते पेशंटना वाटेन.

कायद्याचं_बोला

'गुडघेदुखीला रामराम' लिहिलं नाहीत ते बरं केलंत. आपल्याकडे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय ही संस्था १९८५ पासून आहे आणि दाव्याला पुरावा मागते. लोकांना वाटतं खाली बारीक अक्षरात 'परिणाम व्यक्तीनुसार' टाकलं की सुटलो. तसं नाही. तळटीप मूळ दाव्याच्या उलट बोलू शकत नाही, आणि दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत हवी. मराठी हेडलाइनखाली मुंगीएवढं इंग्रजी, हे तर सर्रास दिसतं.

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना हे महागात पडलंय. चालता चालता मांड्या-नितंब घट्ट होतात अशा दाव्यावरून रीबॉकने २०११ मध्ये अडीच कोटी डॉलर आणि स्केचर्सने २०१२ मध्ये चार कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. दोन्ही वेळा भांडण मजकुराचं होतं. बूट पायाला चावले अशी तक्रार नव्हती.

संत्रानगरी

चार कोटी डॉलर! आमच्या अंबाझरीच्या चहावाल्याच्या उधारीत मावतील काय?

विषयावर: आमच्याकडे फाटकावर बॅनर लागला होता, 'काका-काकूंसाठी खास'. माझा मित्र ४७ चा आहे, केस काळे (कसे ते विचारू नका). तो ते वाचून असा चिडला की त्या दुकानासमोरून जाणं सोडलं. म्हातारं म्हणून कोणी विकू नये. वय न लिहिताही कळतं की, लेस, चष्मा, फरशी लिहिलं की झालं.

वांग्याचं_भरीत

@संत्रानगरी असहमत. मी ५८, मला काकू म्हटलेलं आवडतं. उलट 'यंग ॲट हार्ट' छाप गोडबोल्या मजकुराने डोकं उठतं. सरळ लिहा ना, वय झालंय, गुडघे बोलतात, बूट बघा. लपवायचं कशाला?

संत्रानगरी

काकू, तुमचा मान राखून सांगतो, माझा मित्र ऐकणार नाही.

वांग्याचं_भरीत

त्याला म्हणावं केस पांढरे ठेव, बुटांची किंमत निघेल.

खिळाजोडणी

मी प्रेसमध्ये आयुष्य काढलं. कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पिवळ्यावर पांढरं हे पहाटे सहाच्या उजेडात बिनचष्म्याने वाचताच येत नाही, मजकूर काहीही असो. स्वस्त कागद शाई पितो, त्यावर गडद रंगात पांढरी अक्षरं सोडली तर बारीक रेघा भरून जातात. देवनागरीत आधी वेलांट्या-मात्रा जातात, मग जोडाक्षरं. एका ग्राहकाच्या पत्रकावर 'मऊ तळ' चा अनुस्वार नसताना शाईचा ठिपका पडून 'मऊं तळ' झालं, आणि 'स्वस्त' मधला 'स्व' गुठळी होऊन बसला. मी अशा कामाला पांढऱ्या कागदावर काळं, मजकूर १४ पॉइंटच्या खाली नाही, किंमत तळहाताएवढी, असं सांगायचो. ऐकायचे कमी. "जागा फुकट जातेय" म्हणायचे आणि रिकाम्या जागेत सूर्यफूल टाकायचे.

शाईचा_डाग

@खिळाजोडणी सूर्यफूल :D आमच्या पत्रकावर कबूतर होतं. का, ते आजही माहीत नाही.

@रंकाळ्याची_हवा बायकांबद्दल एकदम मान्य. आमच्या ब्रीफमध्ये 'पुरुष, ४५+' असंच होतं. तुमची हिरोवाली पाटी तेव्हा भेटली असती तर मी माझी हेडलाइन मागे घेतली असती.

रंकाळ्याची_हवा

आलो परत. अजून एक, पावसाळ्याचं. जाळीचा बूट 'हवेशीर' म्हणून विकतात, जूनमध्ये तोच भिजून दोन दिवस वाळत नाही आणि लोक परत घेऊन येतात. 'हवेशीर' लिहिलं तर 'आतला तळ काढून वाळवा' हेही त्याच पत्रकात लिहा. आमचे परतीचे हेलपाटे वाचतील. कंपनीचा माणूस म्हणाला, जाहिरातीत पावसाचं नाव काढू नका.

बोरूबहाद्दर

वाळवायची सूचना डब्यावर आतून छापली तर? विकताना दिसत नाही, घरी गेल्यावर दिसते.

रंकाळ्याची_हवा

डबा दुकानातच टाकून जातात हो सगळे. पिशवी द्या म्हणतात.

नेने_घाट

मग लिंक नाही का कोणाकडे?

मलमपट्टी

नेने, आधी टाच दाखवा!

संत्रानगरी

आणि त्या कबुतराचं काय झालं ते कोणीतरी सांगा.