'खेळकर आकार' म्हणजे नेमका कोणता आकार?

तांबडफुटी: मुलगी पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. तिला समुद्र हवाय, म्हणून आमंत्रणाचं चित्र काढून घ्यायला संगणकाला मराठीतच प्रॉम्प्ट दिला: "संकल्पना समुद्र, खेळकर आकार, तपशिलासाठी जागा". कासव आणि मासे चेंडू खेळताना आले. खालच्या चौकोनात देवनागरीसारख्या दिसणाऱ्या, पण कुठल्याच भाषेत नसलेल्या ओळी आल्या. 'खेळकर'ऐवजी कोणता शब्द घालू? आणि 'थीम'ला 'संकल्पना' बरोबर आहे ना?

शब्दरक्षक: 'संकल्पना' उत्तम. पण वाक्यात 'प्रॉम्प्ट' कशाला? 'सूचना' म्हणा. अर्धवट इंग्रजी वळणाने लिहिलं की उत्तरही अर्धवटच येणार.

कुंचलेवाली: वळणाबद्दल पटतं, पण अडचण 'प्रॉम्प्ट' या शब्दाची नाही. मी बारशाच्या, मुंजीच्या पत्रिका करते. 'खेळकर' हा मुलाचा स्वभाव, म्हणून चित्रातलं कासव खेळायला लागलं. आकाराला विशेषण लावू नका, आकारच सांगा: गोलमटोल मासे, जाड कडांचे बुडबुडे, कागद कातरून चिकटवल्यासारखे शंख. तसंच 'संकल्पना समुद्र' यातून काहीच डोळ्यासमोर येत नाही. कोणते प्राणी, पाण्याचा रंग कोणता, ते लिहा.

जागेचं वेगळं. 'आमंत्रण', 'मजकूर', 'तपशील' यांतला एक शब्द जरी असला तरी चित्रात अक्षरं उगवतात. 'अक्षरं नकोत' लिहिलं तरी बऱ्याचदा उगवतात, कारण अक्षरांचा उल्लेख तर झालाच. म्हणून ते शब्द गाळून जागेचं रूप सांगा. मी असं लिहीन:

"कागदी कातरकामाच्या शैलीतलं उभं चित्र. फिकट निळं पाणी. कडेकडेने गोलमटोल मासे, एक कासव, शंख, बुडबुडे. मधोमध उंचीचा निम्मा भाग व्यापणारा मोठा लंबगोल, सायीच्या रंगाचा, आत एकच सपाट रंग. लंबगोलाची कड शिंपल्यासारखी अर्धगोलांची."

मजकूर नंतर 'बालू' किंवा 'मुक्त' टंकात स्वतः टाका. आधी तो कागदावर लिहून ओळी मोजा: नाव, कितवा वाढदिवस, वार-तारीख, वेळ, पत्ता, फोन. पत्त्याची ओळ सगळ्यांत लांब असते, लंबगोलाची रुंदी तिच्यावरून ठरवा. वर वेलांट्या आणि खाली उकार असल्याने आपल्या ओळींना इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं.

शब्दरक्षक: "शिंपल्यासारखी अर्धगोलांची" एवढं लांबण कशाला? 'नागमोडी कड' म्हणा.

कुंचलेवाली: नागमोडी कड दोन्हीकडे सारखीच वळते. मला बाहेर फुगे आणि आत टोकदार खाच हवी. छापखान्यात 'स्कॅलप'च म्हणतात.

गडवाट: 'कंगोरेदार' का नको?

शब्दरक्षक: कंगोरा कंगव्यावरून आला, तिथे दाते असतात.

गडवाट: कंगव्याशी संबंध नाही, शब्द फारसी आहे. तटाच्या माथ्यावरच्या दात्यांना, म्हणजे आपण ज्यांना चर्या म्हणतो त्यांना, फारसीत कंगूरा म्हणतात. आणि चर्यांची टोकं गोलही असतात. माझ्या डोळ्यांसमोर तर तीच कड आली.

कुंचलेवाली: तुमच्या डोळ्यांसमोर आली, पण बहुतेकांना कंगोरा म्हटलं की धारदार कोपरा दिसतो. मी 'पाकळीदार' लिहून पाहिलं होतं, तर कडेला खरीच फुलं आली.

माहेरवाशीण: वर सगळे 'आमंत्रण' म्हणताय. आमच्या सासूबाईंच्या मते वाढदिवसाचं 'निमंत्रण'च असतं, आमंत्रण फक्त जेवायचं. मागच्या वर्षी यावरून पत्रिका परत छापली. बरोबर काय?

पाठशाळा: पाणिनीच्या एका सूत्रात (३.३.१६१) दोन्ही शब्द शेजारी आहेत. काशिकावृत्तीप्रमाणे निमंत्रण म्हणजे ज्याला यावंच लागतं, आमंत्रण म्हणजे येणं ज्याच्या मर्जीवर. श्राद्धाचं असतं ते निमंत्रण. त्या हिशेबाने पाच वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाचं आमंत्रण.

गडवाट: संस्कृतात असेल. मराठीत 'अगत्याचं आमंत्रण' म्हणतात, तिथे मर्जी कुठे राहिली? आमच्याकडे लग्नाचं निमंत्रण, केळवणाचं आमंत्रण. सासूबाईंचं फारसं चुकलं नाही.

पाठशाळा: वापर बदलला हे मान्य, पण भेद होता हे तरी मान्य करा.

तांबडफुटी: कुंचलेवालीताई, लंबगोल सपाट आला, अक्षरं गेली. कासवाला मात्र पाच पाय आहेत.

कुंचलेवाली: पाचवा पाय बुडबुड्याने झाका. छापण्याआधी चित्र मोठं करून कडाही बघा, अर्धे कापलेले मासे तिथेच सापडतात.

तांबडफुटी: बरं. आणि 'थीम'चं काय ठरलं?

शब्दरक्षक: संकल्पना.

माहेरवाशीण: शाळेतल्या आया 'यंदा थीम काय' असंच विचारतात हो. पण निमंत्रणाचं सांगा, दुसऱ्या मुलाची पत्रिका छापायला जायची आहे.