उत्तर: पे-डे लोनची फी आणि वार्षिक दर

> ३०० डॉलरवर ४५ डॉलर फी म्हणजे १५ टक्केच ना? चारदा मुदत वाढवली तर कितीला पडेल?

पे-डे लोन म्हणजे पुढच्या पगारापर्यंत घेतलेलं छोटं कर्ज. १५ टक्के खरे, पण ते १४ दिवसांचे. वर्षाचा दर काढायला ०.१५ ला ३६५ ने गुणा आणि १४ ने भागा. उत्तर येतं सुमारे ३९१ टक्के. अमेरिकेत हा आकडा एपीआर म्हणून करारावर छापावाच लागतो, सहीआधी तोच बघा.

मुदत वाढवताना भरलेले ४५ डॉलर मुद्दलात जमा होत नाहीत, इथेच बहुतेक जण फसतात. चार वाढींनंतर ७० दिवस होतात, पाच फी मिळून २२५ डॉलर जातात आणि ३०० तसेच उभे राहतात. एकूण ५२५. दर मात्र ३९१ च राहतो, त्यामुळे करार वाचून ही गळती कळत नाही.

काही राज्यांत मुदतवाढीला बंदी आहे. तिथे जुनं फेडून लगेच नवं कर्ज काढलं, तरी हिशेब तोच.

काही राज्यांत बिनफीचा हप्ता-प्लॅन मागता येतो, पण तो सहसा देय तारखेआधीच मागावा लागतो. खात्यातून आपोआप होणारी वसुली थांबवायची असेल, तर बँकेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवा. कर्ज मात्र त्याने मिटत नाही.