पाण्यात पारा नाही, मग माशात कुठून?

धरणकाठचा: गावच्या धरणाच्या पाण्याचा रिपोर्ट आला, पारा नगण्य. कारखाना तर दहा कोसांत नाही. तरी गरोदर मुलगी म्हणते, मोठा मरळ नको, पारा असतो. पाणी चांगलं तर मासा चांगला, एवढी साधी गोष्ट आहे. उगाच घाबरवून ठेवलंय लोकांना.

गाळउपसा: दोन वेळा वाचलं, तिसऱ्यांदा राहवलं नाही. कॅनडात ऑन्टारिओमध्ये ६५८ नंबरचं तळं आहे, तिथंही कारखाना नाही. २००१ ते २००७ शास्त्रज्ञांनी पाऱ्याचे वेगवेगळे समस्थानिक, वजनात किंचित वेगळे असलेले प्रकार, मुद्दाम टाकले: एक तळ्यात, एक दलदलीत, एक वरच्या जंगलात, म्हणजे कुठला पारा माशात जातो ते ओळखता यावं. तळ्यातला पारा बुडाशी पोचला, जिथं ऑक्सिजन संपतो. तिथले सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याला मिथिल हा कार्बनचा गट जोडून देतात, की झाला अंगात साठत जाणारा मिथिल पारा. मग शेवाळ ते उचलतं, आणि सगळ्यात मोठी उडी तिथेच. पुढे बारके जीव, छोटा मासा, मोठा मासा. पाण्यापेक्षा माशात लाखो पट होतं. तुम्ही पाणी तपासलंत, मासा तपासला का?

निवृत्तमास्तर: जपानात मिनामाताला मासे खाऊन लोकांना पाऱ्याची विषबाधा झाली, तिथंही हेच जिवाणू होते.

गाळउपसा: नाही मास्तर. तिथं मिथिल पारा ॲसिटाल्डिहाइडच्या कारखान्यातच तयार होऊन खाडीत आला. जिवाणूंवर ढकलू नका.

निवृत्तमास्तर: बरं, तुम्ही पंडित. पण मग गाळातला जुना पारा जन्मभर वर येत राहणार?

गाळउपसा: ६५८ मध्ये टाकणं थांबल्यावर छोट्या माशांतला तो पारा झपाट्यानं उतरला, मोठ्यांत सावकाश. जंगलात टाकलेला तर माशांत जवळजवळ आलाच नाही. सगळीकडे असंच होईल असं मात्र मी म्हणणार नाही.

मालवणीसून: आमच्याकडे सासूबाई कातडी-चरबी काढून सुरमई कडक तळतात. काही राहत नाही.

गाळउपसा: राहतो. तो चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यापेक्षा बांगडा-तारली खा.

मालवणीसून: पाहुण्यांना तारली वाढू? सासूबाई उंबरा ओलांडू देणार नाहीत!

पुणेकर_मत्स्यप्रेमी: सुरमईचा भाव बघितलाय का? पारा आपोआपच परवडत नाही.

मालवणीसून: पुण्यात मिळते ती सुरमई नव्हे, बर्फाचा गोळा. त्यावर बोलू नका.

पुणेकर_मत्स्यप्रेमी: झालं, आता मासे खायलाही मालवणचा दाखला लागतो.

गाळउपसा: धरणकाठचे, धरण कधी भरलं?

धरणकाठचा: दोन वर्षं झाली. झाडं न तोडताच बुडवली, बाभळी अजून पाण्याबाहेर दिसतात.

गाळउपसा: मग झालंच की. पाला-लाकूड कुजतंय, खालचा ऑक्सिजन तेच खातंय. ऑन्टारिओतच १९९३ मध्ये दलदल मुद्दाम बुडवून पाहिली, तर मिथिल पारा कित्येक पटींनी वाढला. बाहेरून पारा आणायलाच लागत नाही.

धरणकाठचा: ठीक, मासा पाठवतो तपासायला. प्रयोगशाळावाला मागच्या वेळी पाण्याच्या बाटलीलाच दोन आठवडे घेऊन बसला होता. तोवर मरळ आम्ही दोघं म्हातारेच खाऊ.