अनुभव धागा : लघुपटाच्या अखेरची श्रेयनामावली

लघुपट पूर्ण झाला की शेवटच्या नावांचे काम बहुधा आदल्या रात्री उरकले जाते. नावे वाचता यावीत, त्यांचा क्रम कोणाला खटकू नये आणि ती पाहताना डोळ्यांना त्रास होऊ नये, यासाठी आपण काय केले, ते येथे सविस्तर लिहावे.

कात्रीवाला

मी संकलन करतो. गेल्या वर्षी आलेल्या एका कामात नावांच्या चाळीस ओळी होत्या, प्रत्येक ओळीला 60 पिक्सेल जागा दिली होती आणि त्या खालून वर सरकत होत्या. दिग्दर्शकाला नावे गाण्याबरोबरच, म्हणजे 45 सेकंदांत संपायला हवी होती, म्हणून कोणीतरी पट्टी ताणून तेवढी केली आणि अक्षरे थरथरू लागली. कारण हिशोबात होते. ओळींचे 2400 आणि पडद्याच्या उंचीचे 1080 मिळून 3480 पिक्सेल 24 फ्रेमच्या गतीने 1080 फ्रेममध्ये कापायचे, म्हणजे दर फ्रेमला सुमारे 3.22 पिक्सेल. पिक्सेलचा तुकडा पडत नसल्याने अक्षर बहुतेक वेळा तीन घरे सरकते आणि दर चार-पाच फ्रेमनंतर एकदा चार. सॉफ्टवेअरने मधली जागा भरून काढलीच, तर कडा कधी तीक्ष्ण, कधी धूसर दिसतात.

मी वेगाऐवजी ओळी बदलल्या. दर फ्रेमला बरोबर तीन पिक्सेल धरले, तर 1080 फ्रेममध्ये 3240 होतात. त्यातून पडद्याचे 1080 वजा केले की ओळींसाठी 2160 उरतात, म्हणजे प्रत्येकी 54. अक्षराचा आकार 36 होता, त्यामुळे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकले नाहीत. तीनचा आणखी एक फायदा असा की हीच फिल्म 720 च्या आकारात लहान केली, तर वेग नेमका दोन होतो. दोनचा वेग घेतला असता, तर तो 1.33 झाला असता आणि थरथर परत आली असती.

धूसर

एवढा हिशोब कशाला? मोशन ब्लर चालू केला की धक्के दिसत नाहीत. मी नेहमी तेच करतो.

कात्रीवाला

धक्के झाकले जातात, हे खरे आहे. पण नावे उभी सरकत असल्यामुळे ब्लर आडव्या रेषा फासतो आणि देवनागरीत तर शिरोरेषाच आडवी. रोमन नावांना ते एक वेळ चालते, आपल्याकडे मात्र शिरोरेषा वरच्या मात्रेला जाऊन चिकटते. एखादी फ्रेम थांबवून ‘मैथिली’ हे नाव वाचून पाहावे.

धूसर

पाहिले. बारीक टंकात चिकटते, जाड टंकात मला तरी फारसे जाणवले नाही.

रंगपेटी

लघुपटात चाळीसच नावे असतील, तर ती सरकवावीतच का, हा माझा प्रश्न आहे. मी पाच-पाच नावांचे आठ फलक करते आणि प्रत्येक फलक चार सेकंद ठेवते. 32 सेकंदांत काम होते आणि थरथरीचा प्रश्नच उद्भवत नाही. जबाबदारी डावीकडे, मधल्या रेषेला टेकून, फिकट करड्या रंगात आणि नाव उजवीकडे, तिथूनच सुरू होणारे, थोडे ठळक. या दोहोंमधले अंतर वाढवले की नजर चुकून वरच्या किंवा खालच्या ओळीवर जाते. निव्वळ काळ्यावर निव्वळ पांढरा रंगही मी टाळते, कारण अंधाऱ्या खोलीत बारीक कान्यांभोवती झळाळी दिसते. टंक म्हणून ‘मुक्ता’ मला पुरतो. त्याच्या वेगवेगळ्या जाडी एकाच घरातल्या असल्याने दुसरा टंक मिसळावा लागत नाही.

तिसरी घंटा

मी एकांकिका करतो, त्यामुळे माझा अनुभव पत्रिकेचा आहे. आमच्याकडे कलाकारांची नावे रंगमंचावरील प्रवेशाच्या क्रमाने छापतात आणि भांडण होत नाही.

रंगपेटी

कलाकारांसाठी तो क्रम मीही वापरते, फक्त वर ‘प्रवेशानुसार’ असे लिहिते, कारण ते लिहिले नाही, तर पहिले नाव मुख्य भूमिकेचे समजले जाते. आभारात मात्र आडनावांचा वर्णानुक्रम लावते. खरी अडचण तांत्रिक चमूची असते. आमच्या एका मुलीने ध्वनिमुद्रणही केले आणि वेशभूषाही. तिचे नाव दोन्ही ठिकाणी दिले. दिग्दर्शकानेच लेखन, संकलन आणि निर्मिती केली होती, तेव्हा मात्र त्याच्या तिन्ही कामांची मी एकच ओळ केली, नाहीतर फलकभर तोच दिसला असता. हा दुजाभाव आहे, असे त्याचे म्हणणे आजही आहे.

धागाकर्ती

चित्रीकरण अर्ध्यावर सोडून गेलेल्या छायालेखकाचे नाव कोठे द्यावे, याविषयी कोणी लिहिले नाही. आमच्या लघुपटात त्याची दोन दृश्ये तशीच राहिली आहेत.

तिसरी घंटा

दृश्ये राहिली असतील, तर नाव राहायलाच हवे. ‘अतिरिक्त छायालेखन’ म्हणून द्यावे.

कात्रीवाला

ती दोन दृश्ये एकूण लांबीचा अर्धा भाग असतील, तर ‘अतिरिक्त’ म्हणणे मला पटत नाही. मी दोन्ही छायालेखकांची नावे एकाखाली एक, एकाच आकारात दिली असती. आधी ती दृश्ये किती मिनिटांची आहेत, ते सांगावे.